बाळाचं आडनाव: दोन देशांच्या नोंदींत एकच कसं राहील?

आई-वडील वेगवेगळ्या देशांचे असतील, तर बाळाचं आडनाव घरात ठरतं, पण लागतं ते दोन नोंदवह्यांच्या नियमांनी. बेल्जियममधल्या एका जोडप्याला हे महागात पडलं. वडील स्पॅनिश, आडनाव गार्सिया अवेलो. आई बेल्जियन, आडनाव वेबर. बेल्जियमनं मुलांना वडिलांचं अख्खं आडनाव लावलं. स्पॅनिश वकिलातीनं आपल्या पद्धतीनं वडिलांचं पहिलं आणि आईचं पहिलं आडनाव घेऊन गार्सिया वेबर लिहिलं. मुलं तीच, कागदोपत्री आडनावं दोन. बदलाचा अर्ज बेल्जियमनं नाकारला आणि प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं. निकाल पालकांच्या बाजूनं लागला, तोही 2003 मध्ये. अर्ज 1995 चा होता.

म्हणून जन्मनोंदणीआधीच दोन्ही देशांच्या कार्यालयांना विचारा: नाव कोणत्या देशाच्या कायद्यानं ठरतं, आणि दुसऱ्या देशात झालेली नोंद तुम्ही जशीच्या तशी मान्य करता का? उत्तर लेखी घ्या.

पर्याय साधारण चार: वडिलांचं, आईचं, दोन्ही जोडून, किंवा पालकाच्या नावावरून घडवलेलं, जसं आइसलँडमध्ये असतं. हे चारही सगळीकडे चालत नाहीत. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. फ्रान्स, स्पेन, जर्मनीत पहिल्या अपत्यासाठी केलेली निवड त्याच आई-वडिलांच्या पुढच्या मुलांनाही लागू होते. मतभेद झाला तर कायदाच ठरवतो. फ्रान्समध्ये दोन्ही आडनावं वर्णक्रमानं लागतात.

कागदपत्रांत सहसा दोघांचे पासपोर्ट आणि जन्मदाखले, विवाह झाला असल्यास विवाह प्रमाणपत्र, रुग्णालयाचा जन्माचा दाखला, आणि आडनावाबद्दल दोघांच्या सहीचं निवेदन लागतं. परदेशी दाखल्यावर अपोस्टिल, म्हणजे दाखला अस्सल असल्याचा दुसऱ्या देशात चालणारा सरकारी शिक्का, किंवा वकिलातीचं प्रमाणीकरण आणि अधिकृत भाषांतर मागतात. भाषांतरात आडनावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच आहे ना, हे अक्षर न् अक्षर ताडून पाहा. एका जादा स्वरानंही अर्ज परत येऊ शकतो.

जोड-आडनाव घेणार असाल तर पासपोर्टच्या तळाच्या यंत्रवाचनीय ओळी पाहा. आना या मुलीचं आडनाव गार्सिया वेबर असेल, तर तिथं असं छापतात:

```
GARCIA<WEBER<<ANA
```

मधली आडवी रेघ असो वा मोकळी जागा, दोन्हींचं `<` होतं. पासपोर्टच्या वरच्या छापील भागात मात्र फरक राहतो, जन्मदाखल्यावरही राहतो. मग एका देशात रेघ, दुसऱ्यात जागा, असं झालं की यंत्राला नाव एकच दिसतं, पण दोन दाखले शेजारी ठेवणारा कारकून 'दोन्ही एकाच व्यक्तीचे' असं प्रतिज्ञापत्र मागू शकतो. शिवाय त्या ओळीत नाव-आडनावाला मिळून 39 चिन्हांचीच जागा असते. लांबलचक जोड-आडनाव तिथं कापलं जातं, त्यामुळे दोन्ही आडनावं मोठी असतील तर आधी मोजून बघा.

चूक झालीच, तर आधी मूळ जन्मनोंद दुरुस्त करून घ्या. पासपोर्ट तिच्यावरूनच निघतो.