सट्ट्याच्या ॲपचे मेसेज, मेल, नोटिफिकेशन कसे बंद करायचे : कोणाला करता येतं, काय लागतं, कुठं अडतं

माझा मामेभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, दारव्हा तालुक्यात राहतो, पाच एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि कापूस. दोन वर्षं मोबाईलवर रमी आणि आयपीएलचा सट्टा खेळला, सोयाबीनचे पैसे दोनदा त्यातच गेले. मागच्या पोळ्यानंतर त्यानं खेळणं सोडलं, माझ्यासमोर ॲप काढून टाकले, वहिनीला सांगितलं. आणि तिसऱ्या दिवशी रात्री साडेनऊला मला फोन, "अबे, ॲप तं मी काढून टाकलं, मंग हे कुठून येऊन राह्यलं?"

स्क्रीनवर आलं होतं की तुमच्या खात्यात बोनस जमा आहे, आज रात्री बारापर्यंत वापरा.

मी गावात ऑनलाइन फॉर्म भरायचं काम करतो, म्हणून त्याचा फोन घेऊन बसलो आणि एकेक बंद केलं, दोन संध्याकाळी लागल्या. ते सगळं इथं लिहितो कारण बऱ्याच लोकांना वाटतं की ॲप काढलं म्हणजे सुटलो. ॲप काढल्यावर फक्त त्या ॲपचं नोटिफिकेशन थांबतं. तुमचा मोबाईल नंबर आणि मेल आयडी कंपनीकडं तसाच असतो, आणि क्रोममध्ये दिलेली परवानगी तर कंपनीकडं नाही, तुमच्याच फोनमध्ये बसलेली असते.

एवढं मागं का लागायचं तेही सांगतो. खेळ सोडलेल्या माणसाच्या मनात खेचणं एकदम जात नाही, ते येतं आणि थोड्या वेळानं ओसरतं. त्या वेळात काहीच समोर आलं नाही तर माणूस निभावून नेतो. पण मेसेज नेमका रात्री, मॅचच्या आधी किंवा पैसे हातात असायच्या दिवसांत येतो, आणि त्यात लिंक असते, म्हणजे मनात आलं ते करण्यात एका बोटाचंच अंतर उरतं. दादाच म्हणाला, "मी इसरलो असतो गा, ते आठोन करून देते." ऑस्ट्रेलियात संशोधकांनी सट्टा खेळणाऱ्या काही लोकांना दोन आठवडे कंपन्यांचे मेसेज बंद करायला लावले, बाकीच्यांचे चालू ठेवले. ज्यांचे बंद केले त्यांनी कमी वेळा पैसे लावले आणि खर्चही कमी केला.

त्याच देशात बेटस्टॉप नावाचं सरकारी रजिस्टर आहे, २०२३ पासून. तिथं एकदा नाव टाकलं की लायसन्सवाल्या कंपन्यांना त्या माणसाला जाहिरात पाठवता येत नाही. आपल्याकडं असा एकच फॉर्म नाही, म्हणून प्रत्येक दार वेगळं बंद करावं लागतं.

कोणाला करता येतं, कागद काय लागतात

ज्याच्या हातात सिम आहे त्या कोणालाही. डीएनडी म्हणजे जाहिरातीचे मेसेज आणि कॉल बंद करायची नोंदणी, ती ट्राय म्हणजे मोबाईल कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या नियमानं फुकट आहे आणि त्याला आधार, फोटो, सातबारा काहीच लागत नाही. आमच्याकडं निम्म्या पोरांची सिम बापाच्या नावावर असतात, त्यानं अडत नाही, ज्या सिमवर मेसेज येतात त्याच सिमवरून एसएमएस करायचा एवढंच. दोन सिम असतील तर दोन्हीवरून वेगळा. कोणी डीएनडी करून देतो म्हणून ओटीपी किंवा शंभर रुपये मागत असेल तर देऊ नका.

एसएमएस आणि कॉल

ज्या सिमवर मेसेज येतात त्यावरून १९०९ ला हा मेसेज पाठवायचा:

```
START 0
```

इथं लोक गडबड करतात. START म्हणजे जाहिराती सुरू नाही, अडवणं सुरू. STOP पाठवलं तर उलट नोंदणी निघून जायची. शून्य म्हणजे सगळ्याच प्रकारच्या जाहिराती बंद. उत्तराला नोंदणीचा मेसेज येतो, तो डिलीट करू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा. मेसेज लगेच त्याच मिनिटाला थांबत नाहीत, तेवढी कळ काढावी लागते. एसएमएस जमत नसेल तर १९०९ ला फोन करूनही होतं.

दादाला भीती होती की पीएम किसानचा आणि बँकेचा मेसेजही बंद होईल. होत नाही. कंपनीच्या नावानं येणाऱ्या मेसेजच्या वर जे इंग्रजी अक्षरांचं नाव दिसतं त्याच्या शेवटी डॅश देऊन एक अक्षर असतं. P असेल तर जाहिरात, S म्हणजे सर्व्हिस, T म्हणजे व्यवहार, त्यात बँकेचा ओटीपी येतो, आणि G म्हणजे सरकारी. डीएनडीनं जाहिराती अडतात, ओटीपी आणि सरकारी मेसेज येत राहतात. बियाणं कंपनीच्या जाहिराती मात्र जातील, तेवढं समजून घ्या.

आता अडचण. खातं उघडताना आपण ओटीपी टाकून "मान्य आहे" वर टिक केलेलं असतं, ती संमती धरून कंपनी डीएनडी असतानाही मेसेज पाठवू शकते. म्हणून ती संमती वेगळी मागं घ्यावी लागते. ओळखीच्या, नोंदणी असलेल्या कंपनीच्या मेसेजमध्ये नको म्हणायचा पर्याय दिलेला असतो, तो वापरायचा. पण साध्या दहा आकडी नंबरवरून आलेल्या मेसेजला काहीच उत्तर द्यायचं नाही, STOP सुद्धा नाही, आणि लिंक तर अजिबात उघडायची नाही, कारण उत्तर दिलं की हा नंबर चालू आहे हे त्यांना कळतं आणि मेसेज वाढतात.

अशा दहा आकडी नंबरची तक्रार करायची. ट्रायच्या डीएनडी ॲपमधून किंवा १९०९ वर, मेसेज आल्यापासून सात दिवसांच्या आत. लागतं काय, तर पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख आणि मेसेजमधला मजकूर. त्यामुळं रागानं मेसेज डिलीट करू नका, आधी तक्रार. अशा नोंदणी नसलेल्या नंबरविरुद्ध तक्रार करायला तुमची डीएनडी झालेली असलीच पाहिजे असं नाही, २०२५ च्या बदलानंतर कोणीही करू शकतो.

त्याच वर्षी संसदेनं पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, त्यात जाहिरात करणाराही गुन्हेगार धरलाय आणि खेळणाऱ्याला शिक्षा नाही. म्हणून तक्रार करायला घाबरू नका, दादा त्याच भीतीनं महिनाभर गप्प होता. सरळ कंपन्यांनी पैशाचे खेळ बंद केले, पण बाहेरच्या देशातून चालणारे लोक व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवर नंबर बदलून येतच राहतात. त्यांना संमती मागं घेतो म्हणून लिहिण्यात अर्थ नाही. व्हॉट्सॲपवर ब्लॉक करताना रिपोर्टवरही टिक करा, आणि दोन्ही ॲपच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये मला ग्रुपमध्ये कोण टाकू शकतं तिथं फक्त माझे कॉन्टॅक्ट ठेवा. दादाला आठ महिन्यांत असल्या चौदा ग्रुपमध्ये टाकलं होतं. फसवणुकीचा वास येत असेल तर संचार साथी पोर्टलवर चक्षू नावाच्या सोयीत कळवता येतं. पैसे गेलेच असतील तर मात्र वाट न बघता १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी नंबरवर फोन करा.

नोटिफिकेशन, जिथं सगळे फसतात

दादाच्या फोनवरचा तो बोनसवाला निरोप ॲपचा नव्हताच. नोटिफिकेशनच्या वर क्रोमचं छोटं चिन्ह आणि खाली वेबसाइटचं नाव होतं. कधीतरी स्कोअर बघताना एका साइटनं Allow विचारलं, त्यानं दाबलं, झालं. ओळखायची खूण ही, की नोटिफिकेशन बोटानं दाबून धरा, कोणत्या ॲपमधून आलं ते दिसतं.

क्रोम उघडा, वरचे तीन टिंब, Settings, मग Site settings, मग Notifications. परवानगी दिलेल्या साइटची यादी दिसते. त्याच्या यादीत तेवीस नावं होती, त्यातली नऊ सट्ट्याची, आणि निम्म्यांची नावं बातमी किंवा क्रिकेट अशी साधी होती, नावावरून कळलंच नसतं. आम्ही एकेक बघत बसलो नाही, सगळ्या ब्लॉक केल्या आणि साइटना नोटिफिकेशन विचारू देणारं वरचं बटणच बंद केलं. फोनमध्ये दुसरा ब्राउझर असेल तर तिथंही हेच करायचं. लिंकवरून उतरवलेले ॲप कधी कधी स्क्रीनवर चिन्हच दाखवत नाहीत, म्हणून फोनच्या सेटिंगमधली ॲपची पूर्ण यादी खालपर्यंत बघा.

मेल

जीमेलमध्ये ओळखीच्या कंपनीचा मेल उघडला की पाठवणाऱ्याच्या नावाजवळ Unsubscribe दिसतं, ते दाबायचं. रोज पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यांना गूगलनं २०२४ पासून हे एका क्लिकमध्ये द्यायला लावलंय आणि दोन दिवसांत पाळायला सांगितलंय. कधी न ऐकलेल्या नावाचा मेल असेल तर आतली लिंक दाबू नका, सरळ Report spam करा आणि पाठवणाऱ्याला ब्लॉक करा.

सगळ्यात नाजूक गोष्ट आता. काही ॲप म्हणतात की मेसेज बंद करायचे तर लॉगिन करून सेटिंगमध्ये जा. सोडलेल्या माणसानं ते एकट्यानं करू नये. लॉगिन केलं की समोर आधी टेबल, बोनस आणि वॉलेटमधले राहिलेले पैसे दिसतात, सेटिंग कुठंतरी मागं असतं. दादाच्या वॉलेटमध्ये ११८ रुपये होते आणि त्याच्या डोक्यात तेच फिरत होतं. मी त्याला लॉगिन करूच दिलं नाही. त्याच्या मेलवरून कंपनीच्या मदत पत्त्यावर चार ओळी लिहिल्या, की माझं खातं कायमचं बंद करा, शिल्लक माझ्या बँकेत टाका, या नंबरवर आणि मेलवर एसएमएस, कॉल, व्हॉट्सॲप, मेल काहीच जाहिरात पाठवू नका, त्यासाठी दिलेली संमती मी मागं घेतोय, आणि झाल्यावर लेखी कळवा. नंबर आणि मेल आयडी खात्यात होते तसेच लिहिले. आठव्या दिवशी उत्तर आलं, त्यात त्यांनी परत विचारलं होतं की आधी एक खास ऑफर बघता का. ते उत्तर मीच वाचलं, दादाला दाखवलं नाही, आणि पुन्हा त्याच चार ओळी पाठवल्या. दुसऱ्या वेळी खातं बंद झालं.

हे सगळं करूनही रात्री खेचणं असह्य झालं तर १४४१६ वर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लागतो, दिवसरात्र, फुकट आणि मराठीत बोलता येतं. दादानं दोनदा केलाय.

बंद केलेलं परत उघडतं तेही सांगतो. नवीन फोन घेतला आणि जुन्या खात्यातून सगळं परत घेतलं तर जुने ॲप परत येऊ शकतात. नवीन सिमला डीएनडी आपोआप लागत नाही. दुसऱ्या साइटला चुकून परवानगी जाते. दादाचा कापूस मंगळवारी जाणार आहे, पैसे त्यानंतर खात्यात येतील. सोमवारी संध्याकाळी मी त्याच्याकडं जातोय, जेवण तिथंच, आणि ती क्रोमची यादी आम्ही दोघं परत एकदा बघणार आहोत.