मोबाइल चिपवरील हाडांची मर्यादा आणि सांगाड्याचे सुलभीकरण

त्रिमितीय पात्राच्या आत बसवलेल्या सांगाड्यात किती हाडे असावीत आणि पृष्ठभागाचा एक बिंदू एका वेळी किती हाडांच्या ओढीत असावा, यावर मोबाइलची ग्राफिक्स चिप घालते ती मर्यादा. आणि त्या मर्यादेत बसण्यासाठी सांगाडा कमी हाडांचा करण्याची पद्धत. या कामात ‘हाड’ म्हणजे फक्त एक मॅट्रिक्स: जागा, वळण आणि माप सांगणारे आकडे. पृष्ठभागाचा प्रत्येक बिंदू जवळच्या हाडांना ठरावीक वाट्याने बांधलेला असतो. या वाट्याला ‘वेट’ म्हणतात. हाडे हलली की चिप वेटच्या प्रमाणात मॅट्रिक्स एकत्र करून बिंदूची नवी जागा काढते. हेच स्किनिंग.

या नोंदीत सातारा-सांगली भागातल्या बैलगाडी शर्यतीवर बेतलेल्या खेळातला खिल्लार बैल उदाहरणासाठी घेतला आहे. चार पाय, लांब शेपूट, वशिंड आणि मागे झुकलेली लांबसडक शिंगे असल्यामुळे माणसाच्या सांगाड्यात न येणाऱ्या अडचणी इथे येतात.

मर्यादा कुठून येते

हाडांचे मॅट्रिक्स दर फ्रेमला व्हर्टेक्स शेडरकडे, म्हणजे चिपवर प्रत्येक बिंदूची जागा काढणाऱ्या छोट्या प्रोग्रामकडे, पाठवले जातात. ते युनिफॉर्म म्हणून, म्हणजे सगळ्या बिंदूंना सारखेच मिळणारे आकडे म्हणून जातात आणि युनिफॉर्मची जागा मोजकी असते. मोबाइल ग्राफिक्ससाठीच्या ओपनजीएल ईएस या मानकाच्या 2007 च्या 2.0 आवृत्तीनुसार चिपने व्हर्टेक्स शेडरला चार आकड्यांच्या किमान 128 जागा दिल्या पाहिजेत. 2012 च्या ईएस 3.0 ने हा किमान आकडा 256 केला. मॅट्रिक्स पूर्ण 4×4 पाठवला तर एका हाडाला 4 जागा लागतात. शेवटची ओळ नेहमी 0, 0, 0, 1 असते, म्हणून ती वगळून 3 जागांत काम भागते. कागदावर 128 मध्ये 42 हाडे बसतात, पण कॅमेऱ्याचा मॅट्रिक्स, प्रकाशाची दिशा आणि रंग यांनाही त्याच जागा लागतात. शिवाय ईएस 2.0 च्या नियमाप्रमाणे शेडरमध्ये थेट लिहिलेले स्थिर आकडेही या हिशोबात धरले जातात. त्यामुळे तीसच्या आसपास थांबणे शहाणपणाचे. युनिटी या गेम इंजिनच्या मार्गदर्शिकेतही मोबाइलवर साधारण तीस हाडांत बऱ्यापैकी दर्जा मिळतो असे म्हटले आहे.

ईएस 3.0 मध्ये युनिफॉर्म ब्लॉक आले. एका ब्लॉकला किमान 16,384 बाइट मिळतात, म्हणजे 48 बाइटचे एक हाड धरले तर 341 हाडे. जागेचा प्रश्न इथे जवळपास मिटतो. तरीही स्वस्त फोनवर तीस हाडांचा बैल आणि सत्तर हाडांचा बैल यांत फरक पडतो, कारण तिथे खरी टंचाई वेळेची असते. प्रत्येक हाडाची जागा आधी सीपीयूवर ॲनिमेशनमधून काढावी लागते. मग चिप प्रत्येक बिंदूसाठी गणित करते. शेडरमध्येच स्किनिंग होत असेल तर सावली काढण्याच्या वेगळ्या फेरीत, म्हणजे सावलीच्या पासमध्ये, हे गणित पुन्हा पहिल्यापासून होते.

पाच गाड्यांच्या फेरीत दहा बैल येतात. एका बैलाचे 4,000 बिंदू धरले तर 40,000 आणि सावलीसह 80,000 बिंदूंचे स्किनिंग दर फ्रेमला करावे लागते. प्रत्येक बिंदूला चार हाडे बांधलेली असतील तर 12 ओळी वाचून मिसळाव्या लागतात, दोन हाडे असतील तर 6. म्हणूनच नव्या स्वस्त फोनवर चिपचा भार हलका करायचा असेल, तर हाडांच्या संख्येआधी दर बिंदूमागची हाडे कमी करावीत. हाडांची संख्या कमी केली की मुख्यतः सीपीयू मोकळा होतो.

मर्यादा ओलांडल्यावर काय होते

स्वतः लिहिलेल्या शेडरमध्ये जागा कमी पडली तर प्रोग्राम लिंक होत नाही आणि पात्र पडद्यावर येतच नाही. फोनवर नेमकी किती जागा आहे ते असे विचारता येते:

```c
GLint n;
glGetIntegerv(GL_MAX_VERTEX_UNIFORM_VECTORS, &n);
```

तयार इंजिन वापरले तर दोष गुपचूप राहतो. काही इंजिने जाळीचे, म्हणजे बिंदूंनी बनलेल्या पृष्ठभागाचे, तुकडे करतात. प्रत्येक तुकड्याला लागणारी हाडे मर्यादेत बसतात, पण तुकड्यांच्या सीमेवरचे बिंदू दुप्पट होतात आणि एका बैलासाठी दोन-तीन ड्रॉ कॉल, म्हणजे चिपला चित्र काढायला सांगणारे हुकूम, जातात. काही इंजिने सगळे स्किनिंग सीपीयूवर ढकलतात. अनरियल इंजिन 4 मध्ये मोबाइलसाठी जाळीच्या एका विभागाला 75 हाडांची मर्यादा होती. त्यांच्या 225 जागा होतात आणि 256 पैकी 31 उरतात. म्हणून खेळ चालतो आहे एवढ्यावर विसंबू नये. फ्रेम डिबगरमध्ये एक बैल किती ड्रॉ कॉलमध्ये काढला जातो ते मोजावे.

खिल्लार बैल: 67 वरून 31

मूळ सांगाडा असा धरू: मूळ हाड 1, कंबर 1, पाठीचा कणा 6, मान 5, डोके 1, जबडा 1, कान 4, डोळे 2, वशिंड 2, गळ्याखालची लोंबती कातडी 4, शेपूट 10. पुढच्या प्रत्येक पायात फरा, दंड, गुडघ्यावरचा भाग, नळी, खूर, पीळ सांभाळणारे एक आणि खुराच्या दोन फाट्यांची दोन, अशी 8. मागच्या प्रत्येक पायात मांडी, पोटरी, नळी, खूर, एक पिळाचे आणि दोन फाट्यांची, अशी 7. बेरीज 67. याला 3 च्या हिशोबाने 201 जागा लागतात. म्हणजे हा बैल ईएस 3.0 च्या किमान मर्यादेत बसतो, 2.0 च्या नाही. पूर्ण 4×4 मॅट्रिक्स पाठवले तर 268 जागा होतात आणि तो दोन्हींत बसत नाही.

हाड ठेवायचे की काढायचे हे खेळाच्या कॅमेऱ्यातून पाहून ठरवावे. शर्यतीत बैल बाजूने आणि काही अंतरावरून दिसतो. खुराचे फाटे, डोळे, जबडा आणि पिळाची हाडे तिथून दिसत नाहीत, ती पूर्ण जातात. पुढच्या पायातला दंड बैलाच्या अंगातच दडलेला असतो. बाहेर दिसते ती फऱ्याची हालचाल, म्हणून दंड फऱ्यात मिळवावा आणि फरा ठेवावा. मान 5 वरून 2, कणा 6 वरून 3, शेपूट 10 वरून 3, कान 4 वरून 2. खिल्लाराची गळ्याखालची कातडी मुळातच आटोपशीर असते, तिला 1 हाड पुरते. वशिंडाचेही 1 ठेवावेच. धावताना ते डुलले नाही तर बैल लाकडी दिसतो, आणि हे एक हाड वाचवून काही हाती लागत नाही. चारही पायांना प्रत्येकी 4. मूळ, कंबर आणि डोके धरून एकूण 31 हाडे, 93 जागा. ईएस 2.0 मध्येही इतर कामांना 35 जागा उरतात.

शिंगांना वेगळे हाड देऊ नये. शिंगांच्या सगळ्या बिंदूंना डोक्याचे वेट 1.0 द्यावे. आपोआप लावलेल्या वेटमध्ये शिंगांच्या टोकाला मानेचे किंवा कानाचे थोडे वेट हमखास चिकटते आणि मान वळली की शिंग रबरासारखे वाकते. मान पूर्ण एका बाजूला वळवून टोकाकडे पाहिले की दोष लगेच दिसतो.

वेट मिळवण्याचा क्रम

आधी काढायच्या हाडाचे वेट राहणाऱ्या हाडात मिळवायचे, मग दर बिंदूला दोनच हाडे ठेवायची आणि शेवटी बेरीज 1 करायची. हा क्रम उलटा केला तर काय बिघडते ते खुराजवळच्या एका बिंदूवर पाहू. त्याचे वेट आहेत: डावा फाटा 0.40, उजवा फाटा 0.25, खूर 0.20, नळी 0.15. फाटे आधी खुरात मिळवले तर खूर 0.85 आणि नळी 0.15 होते. वळण मऊ राहते. आधीच दोनपुरते कापले तर दोन फाटेच उरतात. ते नंतर खुरात गेले की खूर 1.0 होतो, नळीचा वाटा नाहीसा होतो आणि तिथे कातडीला धारदार घडी पडते. युनिटीत क्वालिटी सेटिंगमधल्या `Skin Weights` मध्ये दोन हाडे निवडली की इंजिन सर्वांत मोठी दोन वेट ठेवते. त्यामुळे कमी हाडांची आवृत्ती आपण स्वतः बनवून तपासलेली बरी.

ब्लेंडरमध्ये हे काम `Vertex Weight Mix` मॉडिफायरने होते: गट A राहणारे हाड, गट B जाणारे हाड, `Vertex Set` ला `All` आणि `Mix Mode` ला `Add`. मॉडिफायर लागू केल्यावर B गट पुसावा, मग `Limit Total` 2 आणि `Normalize All`. गट न मिळवता नुसता पुसला तर बेरीज 1 पेक्षा कमी भरते. ब्लेंडरच्या पडद्यावर हे कळत नाही, कारण तो हलवताना वेट स्वतः सम करून घेतो. बेरीज तपासून न घेणाऱ्या शेडरमध्ये मात्र ते बिंदू बैलाच्या मूळ बिंदूकडे, बहुधा पोटाखाली जमिनीकडे, ओढले जातात.

एफबीएक्समध्ये पाठवताना `Add Leaf Bones` बंद करावे. ते चालू राहिले तर साखळीच्या प्रत्येक टोकाला एक रिकामे हाड जोडले जाते. 67 हाडांच्या बैलात अशी 20 टोके आहेत. या हाडांना वेट नसते, पण त्यांची जागा काढण्यात सीपीयूचा वेळ जातो.

ॲनिमेशन

साखळीच्या मधले हाड काढले की खालच्या हाडाचा पालक बदलतो आणि जुन्या वळणांचा अर्थही बदलतो. म्हणून नव्या सांगाड्याच्या प्रत्येक हाडाला जुन्या सांगाड्यातल्या त्याच हाडाचे `Copy Transforms` बंधन लावून, `Visual Keying` चालू ठेवून `Bake Action` करावे. त्याआधी दोन्ही सांगाड्यांत त्या हाडाची विश्रांतीची दिशा सारखी आहे ना ते पाहावे. बेक करताना फक्त वळण घेऊन चालत नाही. दंड गेल्यावर गुडघ्यावरचा भाग थेट फऱ्याला लागतो आणि दंड मुळात फिरत होता, त्यामुळे फऱ्याच्या सापेक्ष त्याची जागाही हलते. ही जागा नोंदली नाही तर खूर कधी जमिनीवर तरंगतो, कधी आत घुसतो. तपासायला खूर टेकलेला असतानाच्या फ्रेम घ्याव्यात आणि जुना व नवा बैल एकावर एक ठेवून खुरांची टोके जुळतात का ते पाहावे.

दोन हाडांचा शेडर

```glsl
uniform vec4 uBone[93];
attribute vec4 aPos;
attribute vec2 aIdx, aW;
uniform mat4 uVP;
void main() {
  int a = int(aIdx.x + 0.5) * 3;
  int b = int(aIdx.y + 0.5) * 3;
  vec3 p;
  p.x = dot(uBone[a]   * aW.x + uBone[b]   * aW.y, aPos);
  p.y = dot(uBone[a+1] * aW.x + uBone[b+1] * aW.y, aPos);
  p.z = dot(uBone[a+2] * aW.x + uBone[b+2] * aW.y, aPos);
  gl_Position = uVP * vec4(p, 1.0);
}
```

0.5 मिळवण्याचे कारण असे की ईएस 2.0 मध्ये हाडाचा क्रमांक दशांश संख्या म्हणून येतो. 7 चा 6.9999 झाला तर बिंदू शेजारच्या हाडाला जातो आणि पळत्या बैलाच्या अंगातून एखादा काटा बाहेर आल्यासारखा दिसतो.

दोन हाडांवर आणल्यावर जांघेत आणि फऱ्यामागे कातडी आत दबते. त्यासाठी पूर्ण जाळी परत चार हाडांवर नेऊ नये. त्या जागी बिंदूंची एक जास्तीची ओळ घालून वेट हळूहळू उतरवले की बहुतेक दोष जातो.

ड्रॉ कॉल वाचवण्यासाठी जोडीतले दोन्ही बैल एकाच जाळीत घेता येतात. तेव्हा 62 हाडे आणि 186 जागा होतात. ईएस 3.0 वर हे बसते, 128 जागांच्या फोनवर जोडी वेगळीच ठेवावी लागते.