खोबणीचं पझल आणि जिगसॉ: तुकडे मोजून फसू नका

मूल बारा तुकड्यांचं लाकडी पझल झटक्यात लावतं, म्हणून पुढच्या वाढदिवसाला चोवीस तुकड्यांचं जिगसॉ आणायचं. त्यानं ते भिरकावलं की ‘याला चिकाटीच नाही’ असा शेरा मारायचा. हे इतक्यांदा ऐकलंय की आता स्पष्टच सांगते, मुलाच्या चिकाटीत काही खोट नाही. बारावरून चोवीसवर जाताना खेळच बदललाय, आणि ते कुणी लक्षातच घेत नाही.

पहिला प्रकार, म्हणजे खोबणीचं पझल, सगळ्यांच्या ओळखीचा आहे. लाकडी फळी, तिच्यात कोरलेल्या खोबणी आणि प्रत्येक खोबणीचा एकेक जाड तुकडा. वर्ष-दीड वर्षाच्या मुलाला तीन-चार तुकडे पुरतात, गोल असेल तर उत्तमच, कारण गोल तुकडा कसाही फिरवला तरी बसतो. धरायची खुंटी मात्र ओढून बघा. सैल असेल तर ते पझल घेऊ नका, सुटलेली खुंटी थेट तोंडात जाते.

आता एक प्रयोग करा. या तुकड्यांवरच्या चित्रांवर कोरा कागद चिकटवा. सरावलेलं मूल तरीही पझल लावतं, कारण ते चित्राकडे बघतच नव्हतं. तुकड्याची कड आणि खोबणीची कड जुळवणं, एवढंच त्याचं काम होतं. शिवाय प्रत्येक तुकडा स्वतंत्र असतो. हत्ती बसला नाही म्हणून घोडा अडत नाही.

जिगसॉमध्ये सगळेच तुकडे जवळपास सारखे दिसतात, आणि ते बसवायला तयार जागा नसते. जागा ठरते ती शेजारच्या तुकड्यावरून. मुलाला हातातल्या तपकिरी पट्ट्याकडे बघून ‘हा कुत्र्याचा कान असणार’ असं ओळखावं लागतं, म्हणजे डोळ्यांसमोर नसलेलं अख्खं चित्र मनात धरावं लागतं. ते जमत नसेल तर लगेच कळतं. मूल चित्र न बघता एक तुकडा दुसऱ्यावर दाबत राहतं, खोबणीच्या पझलमध्ये दाबायचं तसंच. अशा वेळी ‘नीट बघ’ म्हणून काही होत नाही, कारण काय बघायचं तेच त्याला ठाऊक नसतं.

म्हणून खोबणीच्या बारा तुकड्यांनंतर जिगसॉचे दोन तुकडे. हो, दोनच. ओळखीच्या प्राण्याचं मोठं चित्र मधोमध कापा. मुलाने डोकं आणि शेपटीकडचा भाग जोडला की तीन, मग चार. पुढे सहा, नऊ, बारा या पायऱ्या भराभर चढल्या जातात. तळाला प्रत्येक तुकड्याची रेघ छापलेला ट्रे मात्र मला आवडत नाही. दिसायला जिगसॉ, पण मूल पुन्हा रेघेला रेघच जुळवतं. काठ असलेला, पण तळ कोरा असलेला ट्रे घ्या.

‘आधी कडा लावा’ हा सल्लाही लहानांसाठी उलटा आहे. सहा बाय चारच्या चोवीस तुकड्यांत सोळा तुकडे कडेचेच असतात आणि आत उरतात फक्त आठ. पण त्या सोळांवर बहुतेक वेळा गवत आणि आकाश असतं. चार वर्षांच्या मुलाला सरळ कडेपेक्षा कुत्र्याचा डोळा आधी सापडतो, तिथूनच सुरू करू द्या. दहा बाय दहाच्या शंभर तुकड्यांत कडेचे छत्तीस, आतले चौसष्ट. इथे कडेचा उपयोग होतो, कारण सहा-सात वर्षांच्या मुलाला तुकडे आधी वेगळे काढून ठेवणं जमतं.

खोक्यावर लिहिलेल्या वयाबद्दल थोडक्यात. ‘तीन वर्षांखालच्या मुलांसाठी नाही’ ही सूचना लहान तुकडा घशात अडकण्याबद्दल असते. चौथं वर्ष लागलं की ते पझल जमेलच, असा तिचा अर्थ नाही.

दहा वर्षांचं मूल नियमित जिगसॉ लावत असेल तर त्याच्यासाठी तीनशे ते पाचशे तुकडे, पण आकड्याआधी चित्र बघा. गजबजलेला बाजार, दुकानांच्या पाट्या, रंगीबेरंगी छपरं असं चित्र असेल तर पाचशेही जमतात, कारण प्रत्येक तुकड्यावर काहीतरी खूण असते. तीनशेच तुकडे, पण अर्ध्या चित्रात निळं आकाश असेल तर मोठी माणसंही कंटाळतात. अशा आकाशात चुकीचा तुकडाही कधीकधी बसल्यासारखा वाटतो आणि घोळ पुढच्या ओळीत कळतो. मग जोडलेला भाग अलगद उचलून बघावा, चुकीचा तुकडा गळून पडतो. स्वस्त, पातळ पुठ्ठ्याचं जिगसॉ मी घेत नाही ते यासाठीच. त्यात बरोबर बसलेला तुकडाही गळून पडतो, आणि मग चुकलंय कुठलं हेच कळत नाही.