आसव आणि अरिष्ट: फरक उकळण्यात आहे, मद्यार्कात नाही

दादर किंवा गिरगावातल्या आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात थोडा वेळ उभे राहिले, तर एक वाक्य हमखास कानी पडते: "आसव नको, अरिष्ट द्या. अरिष्ट उकळून केलेले असते, त्यात दारू राहत नाही." या वाक्याचा पहिला भाग खरा आहे. अरिष्टासाठी वनस्पती खरोखरच उकळतात. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि ज्यांनी मद्यार्काचा थेंबही घ्यायचा नसतो त्यांच्या दृष्टीने तो धोक्याचाही आहे, कारण उकळण्याची क्रिया आधी होते आणि मद्यार्क नंतर तयार होतो.

शार्ङ्गधरसंहितेने दोहोंची व्याख्या एकाच श्लोकात केली आहे. न शिजवलेली औषधे आणि पाणी यांपासून जे मद्य सिद्ध होते ते आसव, आणि क्वाथापासून, म्हणजे काढ्यापासून, जे होते ते अरिष्ट. श्लोकात दोन्हींना मद्यच मानले आहे, ही गोष्ट वाचकाच्या नजरेतून बहुधा निसटते. मराठीत अरिष्ट म्हणजे संकट, त्यामुळे बाटलीवरचा शब्द नवख्याला खटकतो. औषधाच्या नावात मात्र त्याचा अर्थ 'ज्याची हानी होत नाही ते', म्हणजे लवकर न बिघडणारे, असा लावला जातो. ते बिघडत नाही याचे एक मोठे कारण त्यातला मद्यार्कच आहे.

मग काही औषधे उकळायची आणि काही नाही, असे का? याचे उत्तर वनस्पतीच्या अंगात आहे. अर्जुनाची किंवा अशोकाची साल आणि दशमुळे कठीण असतात; नुसत्या पाण्यात भिजवून त्यांतले द्रव्य पुरेसे उतरत नाही, म्हणून त्यांचा काढा करावा लागतो. वाळा, चंदन यांसारख्या सुगंधी द्रव्यांचा वास उकळल्यास उडून जातो आणि कोरफडीचा रस तर मुळातच द्रवरूप असतो. म्हणून उशीरासव, चंदनासव, कुमार्यासव ही आसवे झाली, आणि अर्जुनारिष्ट, अशोकारिष्ट, दशमूलारिष्ट ही अरिष्टे. म्हणजे नाव कच्च्या मालाची प्रकृती सांगते. बाटलीत मद्यार्क किती आहे ते सांगत नाही.

हे नीट कळण्यासाठी अर्जुनारिष्टाची कृती क्रमाने पाहू. प्रमाणित पाठानुसार अर्जुनाची साल ४.८ किलो, मनुका २.४ किलो आणि मोहाची फुले ९६० ग्रॅम, हे सारे सुमारे ४९ लिटर पाण्यात उकळून एक चतुर्थांश, म्हणजे सुमारे १२.३ लिटर उरवतात. या टप्प्यावर द्रवात मद्यार्क नसतोच, त्यामुळे उडून जाण्याचा प्रश्न येत नाही. उलट, उकळल्यामुळे सालीवरचे आणि फुलांवरचे किण्व, ज्याला आपण यीस्ट म्हणतो, तेही मरून गेलेले असते. काढा निवल्यावर त्यात ४.८ किलो गूळ विरघळवतात आणि ९६० ग्रॅम धायटीची फुले घालतात. धायटीच्या फुलांत मध असतो आणि त्यांच्यासोबत रानातले किण्व येते. तेच पुढचे काम करते. त्यानंतर भांड्याचे तोंड बंद करून ते साधारण महिनाभर ठेवले जाते. या काळात गुळातली साखर खाऊन किण्व मद्यार्क आणि कर्बवायू तयार करते. महिन्याअखेरीस द्रव गाळून बाटल्यांत भरतात, पण पुन्हा उकळत नाहीत. आसवातही शेवटचा भाग हुबेहूब असाच असतो, फक्त सुरुवातीचा काढा नसतो.

आता मद्यार्क किती होईल? साधा हिशेब असा, की एक लिटर द्रवातली सुमारे १७ ग्रॅम साखर आंबली की १ टक्का मद्यार्क मिळतो. ४.८ किलो गुळात साखर अंदाजे ४ किलो धरली आणि गूळ विरघळल्यावर एकूण द्रव १५ लिटर झाला असे मानले, तर दर लिटरला सुमारे २७० ग्रॅम साखर पडते. मनुकांची आणि मोहाची साखर वेगळीच. ती सगळी आंबली असती, तर मद्यार्क १५ टक्क्यांवर गेला असता. प्रत्यक्षात तसे होत नाही, कारण इतक्या गोड द्रवात किण्वाची वाढ मंदावते, आणि मद्यार्क वाढत गेला की तोच त्याला मारक ठरतो. म्हणून भारतीय आयुर्वेदिक औषधकोशाने बहुतेक आसवारिष्टांसाठी ५ ते १० टक्के ही मर्यादा दिलेली आढळते. हा मद्यार्क बाहेरून ओतलेला नसतो, आतच तयार झालेला असतो, म्हणून बाटलीवर 'स्वयंजनित' असा उल्लेख असतो. काही जण त्या शब्दाचा अर्थ 'नैसर्गिक, म्हणजे निरुपद्रवी' असा लावतात. यकृताला हा भेद कळत नाही.

आंबवण पूर्ण झाले की नाही हे पाहण्याची जुनी रीत अजूनही उपयोगी आहे. भांड्याच्या तोंडाशी पेटती काडी धरतात. ती विझली तर आत अजून कर्बवायू सुटतो आहे, आणि जळत राहिली तर क्रिया थांबली आहे. सळसळ बंद होणे आणि वर तरंगणारी फुले तळाशी बसणे, या आणखी दोन खुणा आहेत. क्रिया पूर्ण होण्याआधी भरलेली बाटली घरात पुढे आंबत राहते आणि झाकण उघडताना फसफसते. याउलट हवा लागून जास्त काळ राहिलेल्या द्रवातला मद्यार्क आम्लात बदलू लागतो, तेव्हा त्याला व्हिनेगरसारखा उग्र आंबट वास येतो. असे औषध घेऊ नये.

टक्केवारीपेक्षा रोज पोटात किती जाते, हा हिशेब अधिक कामाचा आहे. समजा, परळला राहणारे, ६० किलो वजनाचे एक गृहस्थ ८ टक्के मद्यार्क असलेले अर्जुनारिष्ट जेवणानंतर दोन वेळा २०-२० मिलिलिटर, समभाग पाण्यातून घेतात. एका वेळेस मद्यार्क १.६ मिलिलिटर, म्हणजे सव्वा ग्रॅमच्या आसपास होतो. दिवसाला अडीच ग्रॅम. ३३० मिलिलिटरच्या, ५ टक्क्यांच्या बिअरच्या कॅनमध्ये तो सुमारे १३ ग्रॅम असतो. म्हणजे हे गृहस्थ दिवसाला त्या कॅनचा साधारण पाचवा हिस्सा घेतात. एका मात्रेने त्यांच्या रक्तातले प्रमाण दर १०० मिलिलिटरला ३ मिलिग्रॅमच्या आसपास जाईल. मोटार वाहन कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे, तिच्यापासून हे दूर आहे. तरीही औषध घेऊन लगेच गाडी काढली आणि नाकाबंदीत नळीत फुंकावे लागले, तर तोंडात राहिलेल्या मद्यार्कामुळे यंत्र अवास्तव आकडा दाखवू शकते. चूळ भरून पंधरा-वीस मिनिटे थांबले की हा प्रश्न उरत नाही. मोजमाप न करता बाटलीच तोंडाला लावणाऱ्यांची गोष्ट वेगळी: ४५० मिलिलिटरची पूर्ण बाटली म्हणजे अशा दोन कॅनइतका मद्यार्क.

निरोगी प्रौढासाठी मात्रेतले हे प्रमाण थोडे आहे, हे मान्य केले पाहिजे. पण काहींसाठी थोडेही जास्त ठरते, आणि त्यांत सर्वांत आधी डायसल्फिराम ही गोळी घेणारे येतात. दारू सोडण्याच्या उपचारात ती दिली जाते. मद्यार्काचे विघटन होताना मधल्या टप्प्यावर अ‍ॅसिटाल्डिहाइड हे त्रासदायक द्रव्य तयार होते, आणि पुढे त्याचा निचरा करणारे विकर ही गोळी अडवते. घरच्यांनी भूक लागावी म्हणून भाबडेपणाने द्राक्षारिष्टाचे एक टोपण दिले, तरी काही मिनिटांत चेहरा लाल होणे, धडधड, ओकारी, डोकेदुखी सुरू होऊ शकते, आणि रक्तदाब घसरल्यास रुग्णालय गाठावे लागते. गोळी बंद केल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत टिकू शकतो. गोळी नसली तरी दारू सोडलेल्या माणसाला ही चव आणि वास पुन्हा जुन्या वाटेवर नेऊ शकतात, म्हणून त्याने आसव आणि अरिष्ट दोन्ही टाळावीत. जुलाबांवर वा दातांच्या संसर्गावर दिल्या जाणाऱ्या मेट्रोनिडाझोलच्या बाबतीतही मद्यार्क टाळण्याची सूचना असते. ही प्रतिक्रिया कितपत खरी, यावर वाद आहे. तरी पाच-सात दिवस अरिष्ट बाजूला ठेवण्यात काही बिघडत नाही.

यकृताचा सिर्‍होसिस असलेल्यांनी, तसेच झोपेची किंवा फिटची औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही औषधे घेऊ नयेत. गरोदरपणात मद्यार्काचे सुरक्षित म्हणावे असे प्रमाण ठरलेले नाही, म्हणून 'ताकदीसाठी' म्हणून आणलेली बाटली त्या नऊ महिन्यांत कपाटातच बरी. बाळंतिणीला दशमूलारिष्ट देण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. मद्यार्क दुधात रक्ताइतक्याच प्रमाणात उतरतो आणि अर्ध्या ते एका तासात त्याचे प्रमाण सर्वाधिक होते. त्यामुळे वैद्यांनी दिलेच असेल, तर बाळाला पाजून झाल्यावर मोजून घ्यावे. अरविंदासव तर लहान मुलांसाठीच सांगितलेले आहे, पण वजनाच्या मानाने मुलाला तीच मात्रा जड जाते, म्हणून ते आजीच्या अंदाजाने देण्याची वस्तू नव्हे.

मधुमेह्यांच्या बाबतीत अडचण मद्यार्काहून साखरेची अधिक आहे. वरच्या हिशेबात ८ टक्के मद्यार्कासाठी लिटरमागे सुमारे १३६ ग्रॅम साखर खर्च झाली, म्हणजे जवळजवळ तितकीच द्रवात शिल्लक राहिली. ४० मिलिलिटरमध्ये ती पाच ग्रॅमच्या वर जाते, म्हणजे दिवसाला चमचाभराहून अधिक, आणि ही औषधे महिनोन्‌महिने घेतली जातात. जैन घरांत आणखी एक प्रश्न येतो: अनेक पाठांत मध असतो, आणि मद्यही वर्ज्य, त्यामुळे लेबलावर दोन्ही गोष्टी पाहाव्या लागतात.

ज्यांना वर्ज्य आहे त्यांनी अरिष्ट घरी पातेल्यात उकळून 'दारू उडवण्याचा' प्रयोग करू नये. मद्यार्क हळूहळू जातो, पूर्ण गेला की नाही हे घरी कळत नाही आणि औषधाचे काय झाले हेही कळत नाही. गरम पाणी मिसळल्याने तर तो फक्त पातळ होतो. त्याऐवजी त्याच वनस्पतीचे दुसरे रूप वैद्यांकडे मागावे. अर्जुनाच्या सालीचा दुधात केलेला क्षीरपाक, दशमुळांचा ताजा काढा, अभयारिष्टाऐवजी हिरड्याचे चूर्ण, यांत मद्यार्काचा प्रश्नच येत नाही. मात्र बाटलीबंद 'प्रवाही क्वाथ' घेताना पुन्हा लेबल वाचावे, कारण नावात काढा असला तरी काही बाटल्यांत टिकण्यासाठी मद्यार्क असतो. आणि कर्पूरासवाची छोटी बाटली घरात असेल, तर ती या हिशेबात मुळीच धरू नये: ते तयार मद्यात कापूर विरघळवून केलेले असते, थेंबांनी मोजायचे असते, आणि त्याच्या बाबतीत ५ ते १० टक्क्यांची मर्यादा लागू पडत नाही.