शाई वाळायच्या आत

११ फेब्रुवारी १७८५ची दुपार. साल्झबुर्गहून निघालेले लिओपोल्ड मोत्झार्ट त्या दिवशी व्हिएन्नात मुलाच्या बिऱ्हाडी पोहोचले, तेव्हा घरात नकलनवीस लिहीत बसला होता. संध्याकाळी वाजवायच्या नव्या पियानो कॉन्चेर्टोचे, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचनेचे, वादकांसाठीचे कागद अजून पुरे झाले नव्हते. लिओपोल्डनी नंतर मुलीला कळवलं की, नकला तपासण्याच्या गडबडीत वोल्फगांगला शेवटचा भाग एकदाही वाजवून बघता आला नाही. तरी त्याच संध्याकाळी मोत्झार्टने दीडशेहून जास्त लोकांसमोर तो वाजवला. त्यातल्या प्रत्येकाने पैसे आधीच भरले होते.

ही घाई आळशीपणाची नव्हती. पैसे मोजून येणाऱ्या श्रोत्यांच्या जिवावर जगायचं ठरवलं की संगीतकाराचा दिवस कसा जायचा, ते तिच्यात दिसतं.

मोत्झार्टने १७८१मध्ये साल्झबुर्गच्या आर्चबिशपची नोकरी सोडली. तिथे त्याला वर्षाला ४५० गुल्डन मिळत. पगार ठरलेला, पण कुठे आणि काय वाजवायचं हे मालक ठरवणार. व्हिएन्नात मालक नव्हता, म्हणून पगारही नव्हता. आज ज्याला आपण कार्यक्रमाचा आयोजक म्हणतो, तो माणूसच तिथे जवळजवळ नव्हता. कलावंताने स्वतः यादी फिरवायची, वर्गणी जमवायची, हॉल भाड्याने घ्यायचा, वादक बोलवायचे आणि पियानोसुद्धा घरून उचलून न्यायचा. लिओपोल्ड व्हिएन्नात राहिले त्या काही आठवड्यांत मुलाचा पियानो निदान बारा वेळा घराबाहेर गेला होता.

हंगामही छोटा असे. ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या आठवड्यांत नाट्यगृहांतले नेहमीचे खेळ थंडावत. करमणुकीला चटावलेल्या शहराच्या संध्याकाळी मोकळ्या पडत, आणि त्या भरून काढायला मैफली होत. १७८४मध्ये मोत्झार्टने वडिलांना फेब्रुवारीअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंतच्या २२ कार्यक्रमांची यादी पाठवली होती. वर्षाची बरीचशी कमाई त्या पाच-सहा आठवड्यांतच करून घ्यायची.

१७८५चा हिशेब मांडून बघू. सहा शुक्रवार, त्यातला पहिला ११ फेब्रुवारीचा, आणि जागा मेलग्रूबे. नावाचा अर्थ पिठाचं कोठार. खाली कधीकाळी पीठ साठवत, वर नाचगाण्याचा हॉल. सहाही मैफलींची मिळून वर्गणी एक सुव्हरेन दोर, म्हणजे साधारण साडेतेरा गुल्डन. दीडशे वर्गणीदार धरले तरी दोन हजारांच्या वर रक्कम जाते. हॉलचं भाडं दर वेळी अर्धा सुव्हरेन, सहा वेळचे चाळीसच्या आसपास. वादक आणि नकलनवीस यांचे पैसे वजा केले तरी जुन्या वर्षभराच्या पगारापेक्षा बरंच जास्त उरत असणार. यावरूनच कळतं की राहत्या घराला वर्षाला ४६० गुल्डन भाडं द्यायची हिंमत त्याने कशी केली. जुना अख्खा पगार नुसत्या भाड्यात!

पण हे श्रोते कोण होते? १७८४च्या मैफलींच्या १७४ वर्गणीदारांची नावं मोत्झार्टने वडिलांना लिहून पाठवली, आणि ती यादी टिकली आहे. तिच्यात बहुतेक उमराव आहेत: प्रिन्स, काउंट, बॅरन, दरबारी अधिकारी. व्यापारी-सावकारांची नावं अगदी थोडी. साडेतेरा गुल्डन म्हणजे मोत्झार्टच्या जुन्या महिन्याच्या पगाराचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग. साध्या वादकाला ते परवडणारं नव्हतंच. म्हणून ‘सार्वजनिक’ हा शब्द इथे जपून वापरायला हवा. दार पैशाने उघडत होतं एवढं खरं, पण ते पैसे फार थोड्यांकडे होते.

आता शाईकडे परत येऊ. तेव्हा संगीतकाराला आजच्यासारखा कॉपीराइट नव्हता. रचनेचे कागद एकदा दुसऱ्याच्या हाती गेले की ती कुणीही वाजवावी. मोत्झार्टला नकलनवीसांचा भरवसा नव्हता. नकला माझ्या डोळ्यांसमोर, माझ्याच घरात होतात, असं त्याने वडिलांना कळवलं होतं. शिवाय तेच दीडशे लोक दर वर्षी पुन्हा यायला हवे असतील, तर नवं काहीतरी द्यावंच लागणार. नावीन्य हाच त्याचा माल होता, आणि तो ताजा असेपर्यंतच विकता येत होता. १७८४ ते १७८६ या तीन वर्षांत त्याने बारा पियानो कॉन्चेर्टो लिहिले ते या गरजेपोटी.

गरजेपोटी लिहिलं म्हणून ते पातळ झालं नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं. आधीच्या तीन कॉन्चेर्टोंबद्दल त्याने वडिलांना लिहिलं होतं की, काही जागांचा आनंद फक्त जाणकारांनाच मिळेल, पण न जाणणाऱ्यांनाही का ते न कळता बरं वाटेल. त्या शुक्रवारचा डी मायनर कॉन्चेर्टो कान देऊन ऐका. सुरुवातीला व्हायोलिन तालाच्या ठोक्यावर येतच नाहीत. दोन ठोक्यांच्या मधे धडधडत राहतात. खालून चेलो आणि डबल बास तीन-तीन सुरांची झेप घेऊन वर येतात. धड सुरावट अशी नाहीच, नुसती बेचैनी. जाणकाराला लयीची करामत कळते, बाकीच्यांच्या छातीत धडधडतं. मग पियानो शिरतो तो वाद्यवृंदाने न वाजवलेली, एकाकी सुरावट घेऊन. पैसे भरून जो माणूस ऐकायला लोक आले, तो असा वेगळा उठून दिसतो.

या व्यवहाराची कच्ची बाजू चार वर्षांत उघडी पडली. १७८८मध्ये ऑस्ट्रिया तुर्कांशी युद्धात उतरला. उमराव आघाडीवर किंवा आपापल्या जहागिरीवर गेले, महागाई वाढली. जुलै १७८९मध्ये मोत्झार्टने कर्ज मागताना मित्राला लिहिलं की, वर्गणीची यादी चौदा दिवस फिरवली आणि तिच्यावर एकच नाव आलं: संगीताचा शौकीन दरबारी अधिकारी व्हान स्वीटन. शहराचा संगीतातला रस संपला असं यावरून म्हणता येणार नाही. सगळा डोलारा एका माणसाच्या ओळखीच्या यादीवर उभा होता, आणि ती माणसंच जागेवर नव्हती. त्यांच्या जागी येईल असा दुसरा श्रोता तयार झाला नव्हता, आणि तोटा पोटात घालणारी संस्थाही नव्हती.

अशी संस्था जर्मनीतल्या लाइप्झिकमध्ये होती. तिथे १७८१पासून कापड व्यापाऱ्यांच्या इमारतीत, गेवांडहाउसमध्ये, मैफली चालत. वर्गणी गोळा करायची शहरातल्या प्रतिष्ठितांच्या संचालक मंडळाने. वाजवणारा कुणीही असो, वर्गणीदार त्या मालिकेचा असे. १२ मे १७८९ला मोत्झार्ट स्वतः त्या हॉलमध्ये वाजवून गेला. पण ती त्याची स्वतःची मैफल होती, मंडळाच्या मालिकेतली नव्हे. टाळ्या भरपूर पडल्या, कमाई मात्र अगदीच तुटपुंजी, असं त्याने बायकोला कळवलं.

व्हिएन्नात संगीतप्रेमींची तशी संस्था १८१२मध्ये उभी राहिली. गेवांडहाउसची सूत्रं १८३५मध्ये संगीतकार मेंडेल्सोनकडे आली, तेव्हा तिथल्या वर्गणीदारांना दर वेळी नवीनच हवं असं उरलं नव्हतं. १८३६च्या जानेवारीत मेंडेल्सोन तिथे पियानोवर बसला आणि त्याने मोत्झार्टचा तो डी मायनर कॉन्चेर्टो वाजवला. मेलग्रूबेतल्या संध्याकाळी ज्याची शाईही वाळली नव्हती, त्या कॉन्चेर्टोला आता एक्कावन्न वर्षं होत आली होती. मोत्झार्ट जाऊन चव्वेचाळीस वर्षं झाली होती, आणि वर्गणी भरलेले श्रोते खुर्च्यांवर बसून तो ऐकत होते.