निळीखालची काव: गोव्यातल्या जुन्या भिंतींचे मूळ रंग कसे शोधतात

फोंडा किंवा पेडणे भागातल्या जुन्या घरांत राजांगणाभोवतीच्या भिंती निळ्या असल्या, की घरची मंडळी सांगतात, "हा मूळचाच रंग, पणजोबांच्याही आधीपासूनचा." पणजीत फोंताइन्हासच्या गल्ल्यांतही हेच ऐकू येतं. घर अठराव्या शतकातलं असेल, तर या सांगण्याकडे जरा थांबून पाहावं लागतं. चुन्यात मिसळून भिंतीला लावलेली निळी छटा बहुतेक वेळा कृत्रिम अल्ट्रामरीनची असते. कपड्यांना देतो ती नीळ तीच.

खरं अल्ट्रामरीन अफगाणिस्तानातल्या लाजवर्द दगडापासून काढत आणि ते सोन्याच्या तोलाचं महाग होतं. भिंतीला लावायची ती चीजच नव्हती. 1824 मध्ये फ्रान्समधल्या एका उद्योग-प्रोत्साहन संस्थेने स्वस्त पर्याय शोधणाऱ्याला 6000 फ्रँकचं बक्षीस लावलं, आणि 1828 मध्ये ते जाँ-बातीस्त गिमे यांना मिळालं. त्यानंतर कारखाने निघाले आणि हा रंग जगभर स्वस्त झाला. म्हणजे एखाद्या थरात कृत्रिम अल्ट्रामरीन सापडलं, तर तो थर आणि त्याच्या वरचं सगळं 1828 नंतरचं, हे नक्की. खालचं किती जुनं, ते मात्र यावरून कळत नाही.

त्याआधी निळी भिंत नव्हतीच, असंही नाही. झाडापासून काढलेली नीळ होती आणि ती चुन्यात टिकते. 1700 नंतर बर्लिनमध्ये निघालेला प्रशियन निळा गोव्यापर्यंत येऊ शकत होता, पण चुन्याच्या भिंतीवर त्याचा उपयोग नाही. चुन्याच्या क्षाराने तो तपकिरी पडतो. त्यामुळे तो शोधायचा असेल तर दारं, खिडक्या, छताच्या फळ्या अशा तेलरंगाच्या लाकडावर.

थर पाहून जुना रंग ठरवायची पद्धत आधी साधी होती. चाकूने खरवडायचं, खाली जो रंग दिसेल तो मूळचा मानायचा आणि डब्यात तसाच रंग कालवायचा. अमेरिकेतल्या विल्यम्सबर्ग या जुन्या शहराचं पुनरुज्जीवन 1920 च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालं, तेव्हा अशाच खरवडण्यातून तिथले मंद, धुरकट, "जुने" रंग ठरले आणि फार लोकप्रिय झाले. पुढे उमगलं की तेलरंग वर्षानुवर्षं दुसऱ्या थराखाली अंधारात राहिला की जवसाचं तेल पिवळं पडतं, आणि काही रंगद्रव्यं विटतात किंवा काळवंडतात. म्हणजे दिसत होता तो रंगाचा म्हातारपणचा चेहरा. 1960 च्या दशकात फिलाडेल्फियाच्या इंडिपेंडन्स हॉलमध्ये पेनेलोपी बॅचेलर यांनी थरांचे आडवे छेद सूक्ष्मदर्शकाखाली वाचायची पद्धत इमारतींच्या कामात रुळवली. नंतर जॉर्ज वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन घरातल्या जेवणाच्या लहान खोलीत अशाच तपासणीतून तांब्याच्या गंजापासून केलेला झगझगीत हिरवा बाहेर आला. अठराव्या शतकातल्या माणसांना रंग भडक हवे असत, आणि ते भडक असणं हे ऐपतीचं लक्षण होतं. गोव्यातल्या भिंतींचा विचार करताना हे मनात ठेवायला हवं, कारण "जुनं म्हणजे फिकट" हा समज आपल्याकडेही पक्का आहे.

गोव्याची भिंत मात्र अमेरिकेतल्या लाकडी तक्तपोशीसारखी नाही. आत चिरे, त्यांच्या सांध्यांत माती किंवा चुना, वर चुना-वाळूच्या गिलाव्याचे हात आणि शेवटी घोटलेला बारीक हात. चुना बहुधा शिंपल्यांचा. छेदात न भाजलेल्या शिंपल्याची बारीक, पदर सुटलेली कपची दिसली की हा चुना खाडीकाठचा, हे तिथेच कळतं. यावर पावसाळा सरला की चुन्याची सफेदी, कधी काव घालून, कधी पिवडी घालून. एका जुन्या भिंतीवर असे कितीतरी हात साचतात, आणि खरी अडचण इथूनच सुरू होते.

नमुना घ्यायचा तो मोठ्या भिंतीच्या मधोमध नव्हे. तिथे नवा हात देण्याआधी दर वेळी खरवडलेलं असतं, म्हणून थर कमी सापडतात. हात पोचत नाही तिथे बघायचं: चौकटीच्या बाजूची फट, भिंतीतल्या कपाटाची मागची कड, छताखालचा कोपरा, विजेच्या तारांची जुनी लाकडी पट्टी. धारदार पातीने दोन ते पाच मिलिमीटरचा कण निघाला तरी पुरतो, पण त्याला खालचा गिलावा चिकटलेला हवा. गिलावा नसेल तर सगळ्यांत खालचा थर खरंच पहिला आहे का, हे सांगता येत नाही. मग तो कण पारदर्शक राळेत बसवून कापतात आणि घासून गुळगुळीत करतात. घासताना पाणी टाळतात, कारण सरस घातलेला डिस्टेंपर पाण्यात विरघळतो आणि थरच्या थर नाहीसा होतो.

अशा घराच्या वसरीतल्या नमुन्यात साधारण काय दिसतं, ते पाहू. तळाशी करडसर गिलावा, त्यावर घोटलेला शुभ्र चुना. मग पांढऱ्या सफेदीचे चार-पाच पातळ हात, मधे एक काळसर रेघ. मग काव मिसळलेला तांबडा हात, त्यावर पिवडीचे दोन, पुन्हा पांढरे, त्यांवर निळे बरेच, मग हिरवट ऑइलपेंट आणि सर्वांत वर प्लास्टिक पेंट.

या क्रमात सर्वांत मोलाची ती काळी रेघ. ती दिव्यांची काजळी आणि धूळ आहे, म्हणजे हा पृष्ठभाग बराच काळ उघडा होता. दोन हातांच्या मधे रेघ नसेल, तर ते एकाच वेळी दिलेले हात असण्याचा संभव जास्त. एका खेपेला दोन-तीन हात देण्याची पद्धत होतीच. म्हणून बारा थर मोजले तर बारा वर्षं किंवा बारा रंगसंगती असं होत नाही. रेघांच्या हिशेबाने ते कदाचित चारच टप्पे निघतील. बाहेरच्या भिंतीवर तीच रेघ शेवाळ आणि बुरशीची असते, आणि तिथे ती एका पावसाळ्यातही उमटते.

आता निळा. त्याचे काही कण काचपट्टीवर घेऊन विरळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकतात. आधी चुना फसफसतो. नंतर कणांचा निळेपणा गेला तर ते अल्ट्रामरीन. निळा टिकला तर बहुधा झाडाची नीळ किंवा प्रशियन निळा. पुढे वेगळ्या कणांवर कॉस्टिक सोड्याचा थेंब टाकला आणि ते तपकिरी पडले तर प्रशियन. टेबलावर पाच मिनिटांत होणारी ही परीक्षा घरातल्या ठाम आठवणीलाही हलवू शकते.

पण इथेच सर्वांत सोपी चूकही होते. सफेदी अधिक शुभ्र दिसावी म्हणून चुन्यात चिमूटभर नीळ घालायची रीत आपल्याकडे सर्रास होती. त्या थरातही सूक्ष्मदर्शकाखाली निळे कण दिसतात, आणि उत्साही माणूस लिहून टाकतो, "निळी भिंत". कण विरळ, एकमेकांपासून लांब आणि भोवती भरपूर पांढरा चुना असेल, तर ती पांढरीच भिंत होती. निळ्या भिंतीत कण दाट असतात आणि थर साध्या डोळ्यांनाही निळा दिसतो. वरच्या नमुन्यात निळ्यांच्या आधीचे "पांढरे" हात बहुधा असेच निघतील. तसे निघाले आणि ते कण अल्ट्रामरीनचे असले, तर घरात नीळ निळ्या भिंतीच्या आधी पोचली होती आणि 1828 ची मर्यादा त्या पांढऱ्या हातांनाही लागू होते.

दुसरी चूक ओलीमुळे होते. गोव्याच्या भिंतीत जमिनीतली ओल वर चढते, क्षार फुलतात आणि जमिनीपासून हात-दोन हात गिलावा झडतो. तो पुनःपुन्हा नवा घालतात, आता तर सिमेंटने. त्यामुळे खालच्या नमुन्यात थर थोडेच मिळतात. त्याच जागी कावेचा तांबडा पट्टा असण्याची शक्यता सर्वाधिक असते. "खाली काव नाही, म्हणजे पट्टा नव्हता" हा निष्कर्ष तिथे चुकतो. करडा, घट्ट, शिंपल्याचा मागमूस नसलेला गिलावा दिसला, की तो भाग पुरावा म्हणून बाजूला ठेवायचा आणि दाराच्या आडोशाला जुना तुकडा उरला आहे का ते पाहायचं. तांबडं नुसतं सपाट नसून त्यात कोरलेल्या रेषांतून पांढरा चुना डोकावत असेल, तर ते कावी चित्रकामही असू शकतं. अशा वेळी पातीचं काम तिथेच थांबवून जाणकाराला बोलवावं. गोव्यातल्या देवळांत अशा चित्रांवर नंतर रंग फासले गेले आहेत.

काळ ठरवायला लाकूडही मदत करतं. चौकटीच्या सर्वांत जुन्या रंगात जस्ताचा पांढरा असला, तर अतिनील प्रकाशात तो हिरवट-पिवळा चमकतो. तेलरंगात तो 1840 च्या दशकापासून रुळला. टायटॅनियमचा पांढरा त्याच प्रकाशात काळसर राहतो, आणि तो पहिल्या महायुद्धानंतरचा. भिंत आणि चौकट यांचे नमुने शेजारी ठेवले की दोन्हींवर एकाच वेळी झालेलं रंगकाम कळतं आणि एकाची तारीख दुसऱ्याला लावता येते. घरात किंवा देवस्थानाच्या दप्तरात मोडीतल्या जमाखर्चाच्या वह्या उरल्या असतील आणि त्यांत चुना, काव, नीळ यांच्या खरेदीची नोंद सापडली, तर तिच्या तोडीचा पुरावा नाही.

गोव्यात सांगतात की पोर्तुगीज काळात पांढरा रंग फक्त चर्चना राखीव होता आणि घरांना दर पावसाळ्यानंतर रंग देणं सक्तीचं होतं. नमुने यावर थोडंच बोलू शकतात. बाहेरच्या दर्शनी भिंतीवर, नीळ पारखून, रेघांनी वेगळे झालेले पोर्तुगीज काळातले पांढरे टप्पे सापडले तर पहिली गोष्ट त्या घरापुरती तरी खोटी ठरते. आतल्या वसरीवरून तिचा निकाल लागत नाही, कारण नियम सांगितला जातो तो रस्त्यावरून दिसणाऱ्या रंगाबद्दल. आणि सक्ती होती की हौस, हे कोणत्याच छेदात दिसत नाही.

गिलावाच काढून टाकला तर हा सगळा पुरावा एका फटक्यात जातो. जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बॅसिलिकेचा बाहेरचा चुन्याचा गिलावा विसाव्या शतकाच्या मध्याला उतरवला गेला आणि चिरे उघडे पडले. आज लोकांना तेच तिचं मूळ रूप वाटतं. चिरे तर झिजतातच, पण त्यावर चढलेल्या प्रत्येक हाताची नोंदही गिलाव्याबरोबर गेली. याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून जुनं घर रंगवायला काढताना प्रत्येक खोलीत दाराआड, छताजवळ वीतभर जागा तशीच सोडायची, खरवडायची नाही, पुट्टी भरायची नाही. तिचा फोटो आणि जागा कागदावर नोंदवून ठेवायची. कारागिराला हे कामाआधीच दाखवायला हवं, कारण घासकागद एकदा फिरू लागला की तो अशी जागा सोडत नाही.