निस्पंदापाशी ऊर्जा नसते का?

"स्थिर तरंगात निस्पंद बिंदूपाशी तार हलतच नाही, मग तिथे ऊर्जा कुठून असणार?"

गतिज ऊर्जा नसते, ताणाची असते. पुण्यात मुलांना मी १ मीटर तार ५० हर्ट्झवर दोन फुगवट्यांत कंप पावताना दाखवतो. मधल्या निस्पंदापाशी ती सर्वांत तिरकी होते, म्हणून ताणाची ऊर्जा तिथेच सर्वाधिक. डावा भाग उजव्याला ओढतो खरा, पण तो बिंदू सरकत नाही. बल गुणिले वेग शून्य, म्हणून ऊर्जा पलीकडे जात नाही. ती शेजारच्या प्रस्पंदापर्यंतच्या, म्हणजे फुगवट्याच्या मध्यापर्यंतच्या, २५ सेंटिमीटरांतच सेकंदाला १०० वेळा ये-जा करते.

याउलट प्रगामी, म्हणजे पुढे जात राहणाऱ्या, तरंगात दोन्ही ऊर्जा एकाच जागी, एकाच वेळी वाढतात आणि सोबत पुढे सरकतात.

एका टोकाने हलवलेल्या खऱ्या तारेत मात्र निस्पंद किंचित थरथरतो: पलीकडच्या भागात घर्षणाने गेलेली ऊर्जा तिथूनच भरून निघते.